घरातून पहिल्यांदा कॉलेजला: फी, नियम आणि मदतीची दारं
(तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या प्राचार्यांचं प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोरचं भाषण)



प्रवेश अर्जात आईवडिलांच्या शिक्षणाचा एक रकाना असतो. यंदा तो मी स्वतः वाचला. समोर बसलेल्या बहुतेक मुलामुलींच्या घरातून कॉलेजात येणारं हे पहिलंच माणूस आहे. ज्या घरात आधी कुणी शिकलेलं असतं तिथे मोठा भाऊ सांगतो की परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा असतो, आत्या सांगते की पावती फाडून टाकू नकोस, मामाला माहीत असतं की शिष्यवृत्तीचा अर्ज कधी सुरू होतो. तुमच्या घरात हे सांगणारं कुणी नाही. म्हणून ते सांगणं हे आमचं काम आहे, आणि ते मी आज करणार आहे. पैशाचं काय, नियमांचं काय आणि अडलं तर कुठे जायचं, एवढंच मी बोलेन.

फीच्या पावतीवर काय असतं

सगळ्यात आधी हे पाहा की तुमच्या मुलाचा प्रवेश अनुदानित तुकडीत झालाय की विनाअनुदानित तुकडीत. दोन्ही वर्ग एकाच इमारतीत भरतात, शिक्षकही कधी तेच असतात, पण फीत मोठा फरक असतो. अनुदानित तुकडीतल्या शिक्षकांचा पगार शासन देतं, म्हणून तिथली फी कमी असते. बीसीए किंवा संगणकशास्त्रासारखे काही अभ्यासक्रम विनाअनुदानित असतात. त्यांचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून चालतो. ‘शेजारच्याच्या पोरानं एवढेच भरले, मग आम्हाला एवढे का’ हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि बऱ्याचदा त्याचं उत्तर हेच असतं. तुमच्या पावतीवर तुकडीचा प्रकार लिहिलेला असतो. शिष्यवृत्तीच्या अर्जातही तोच निवडावा लागतो, त्यामुळे तो आजच बघून घ्या.

पावतीवरची रक्कम एकच दिसली तरी तिच्यात वेगवेगळ्या जातीचे पैसे असतात. शिकवणी शुल्क, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि जिमखाना यांचे पैसे कॉलेजात राहतात. पात्रता, नोंदणी आणि परीक्षा यांचे पैसे आम्ही विद्यापीठाकडे पाठवतो. तिसरा भाग अनामत रकमेचा, म्हणजे डिपॉझिटचा. ती रक्कम तुमचीच आहे. पुस्तकं परत केली, प्रयोगशाळेतलं काही मोडलेलं नसलं, की कॉलेज सोडताना ती परत मिळते. पण ती मागावी लागते, आणि मागताना मूळ पावती लागते. तीन वर्षांनी पावती नाही म्हणून कितीतरी मुलं ते पैसे सोडून देतात. म्हणून घरी गेल्यावर एक फाइल करा, तिच्यात प्रत्येक पावती लावा आणि मोबाइलमध्ये तिचा फोटोही काढून ठेवा.

पैसे भरायची जागा फक्त लेखा विभागाची खिडकी किंवा कॉलेजची ऑनलाइन लिंक. कुणीही, अगदी आमच्या कॉलेजचा कर्मचारी असला तरी, ‘माझ्याकडे द्या, मी भरतो’ म्हणाला तर देऊ नका. प्रवेशासाठी देणगी घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. ज्या रुपयाची पावती मिळत नाही, तो रुपया द्यायचा नाही.

एकदम सगळी रक्कम जमत नसेल तर हप्त्यांसाठी माझ्या नावानं साधा अर्ज करा. दोन ओळी पुरतात: एवढे आज भरतो, उरलेले अमुक महिन्यात भरतो. कापूस विकल्यावर किंवा मुकादमाकडून उचल मिळाल्यावर भरणार असाल तर तसं लिहा. आम्हाला तारीख हवी असते, कारणाची लाज नको. अडचण होते ती न सांगता गप्प बसल्यावर. मग मुलगा फी थकली म्हणून वर्गात यायचं टाळतो आणि फीच्या प्रश्नाचा हजेरीचा प्रश्न होतो.

काही मुलं आठपंधरा दिवसांत दुसरीकडे प्रवेश मिळाला म्हणून जातात. त्यांच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा फी परताव्याचा नियम आहे. प्रवेशाची जी शेवटची तारीख जाहीर झालेली असते तिच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते, त्यातून प्रक्रियेचा थोडा खर्च तेवढा कापता येतो. तारखेच्या आधी पण १५ दिवसांच्या आत रद्द केला तर ९० टक्के मिळतात. तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि ३० दिवसांनंतर काहीच नाही. अनामत मात्र पूर्ण परत मिळते. एखाद्या वर्षी आयोग वेगळं परिपत्रक काढून मुदत वाढवतो, तेव्हा ते सूचना फलकावर लागतं. दिवस मोजताना तुमचा लेखी अर्ज आमच्याकडे पोचल्याची तारीख धरली जाते. फोनवर सांगितलेलं किंवा मित्राकडून कळवलेलं धरलं जात नाही. मूळ गुणपत्रिका आणि जातीचा दाखलाही कोणतंही कॉलेज अडकवून ठेवू शकत नाही. तपासून ते परत करायचे असतात.

शिष्यवृत्ती: आपोआप काही येत नाही

आता ज्या विषयावर सगळ्यात जास्त गैरसमज आहे त्याकडे येते. प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला जोडला म्हणजे शिष्यवृत्ती सुरू झाली, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. प्रवेश वेगळा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा. तो राज्य शासनाच्या mahadbt.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर विद्यार्थ्यानं स्वतः भरायचा असतो, आणि दरवर्षी नव्यानं करायचा असतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज राहिला तर पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती तिथेच थांबते.

अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या मागास, अल्पसंख्याक, दिव्यांग अशा वेगवेगळ्या गटांसाठी वेगवेगळ्या योजना आहेत. प्रत्येकीची उत्पन्नाची मर्यादा वेगळी, मिळणारा लाभ वेगळा. सगळ्या इथे सांगत बसले तर एकही लक्षात राहणार नाही. त्यापेक्षा एकच योजना एका उदाहरणातून नीट पाहू. बाकीच्यांचीही वाट साधारण अशीच जाते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असेल तर ती मिळते. समजा एका मुलीनं आपल्याकडे बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. वडील ऊसतोड मजूर, गाव इथून २० किलोमीटरवर, ती रोज एसटीनं ये-जा करणार. हिशेब समजावा म्हणून आकडे मनाचे घेते. तिची एकूण फी ६,९०० रुपये आहे. त्यातले ५०० अनामत. उरलेले ६,४०० परत न मिळणाऱ्या सक्तीच्या शुल्काचे. शिष्यवृत्तीत ही परत न मिळणारी सक्तीची फी धरली जाते, अनामत धरली जात नाही. म्हणून ५०० रुपये तिला स्वतः भरावे लागतात.

याशिवाय या योजनेत वर्षाचा शैक्षणिक भत्ता असतो. बीए, बीकॉम, बीएस्सीला घरून ये-जा करणाऱ्यांसाठी तो ३,००० रुपये आहे आणि वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी ६,०००. म्हणजे आपल्या मुलीच्या वाट्याला ६,४०० आणि ३,००० मिळून ९,४०० रुपये येतात.

आता इथे नीट लक्ष द्या. या योजनेत फीचे पैसेही विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येऊ शकतात. एक दिवस मोबाइलवर संदेश येतो, घरात आनंद होतो, आणि कुणाच्या तरी औषधाला नाहीतर खतबियाण्याला ते पैसे लागतात. पण त्या ९,४०० पैकी तुमच्या मुलीचे ३,०००च आहेत. ६,४०० फीचे आहेत आणि ते लगेच कॉलेजात भरायचे आहेत. आमच्या वहीत तोपर्यंत तिच्या नावावर ६,४०० रुपये बाकी दिसतात. ती बाकी राहिली तर शेवटच्या वर्षी दाखला काढताना अडतं, आणि तोवर पैसे खर्च झालेले असतात. पैसे आल्याचा संदेश आला की आधी शिष्यवृत्ती विभागात या, किती कशाचे ते विचारा, मग खर्चाचं ठरवा.

हे पैसे बहुतेक वेळा वर्षाच्या सुरुवातीला येत नाहीत. अर्ज कॉलेजात तपासला जातो, मग जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात, आणि त्यानंतर रक्कम निघते, तीही कधी हप्त्यांनी. म्हणून वह्या, पास आणि डबा यांचा खर्च शिष्यवृत्तीच्या भरवशावर ठेवू नका. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून ती फी प्रवेशाच्या वेळी आम्ही मागत नाही. कुणी मागितली तर माझ्याकडे या.

अर्ज कुठे अडकतो

अडकलेले अर्ज बहुतेक वेळा चार ठिकाणी अडकलेले असतात.

पहिलं ठिकाण उत्पन्नाचा दाखला. तो तहसील कार्यालयाचा, चालू मुदतीचा लागतो. गेल्या वर्षीचा दाखला ३१ मार्चला संपलेला असतो. जुलैमध्ये सेतू केंद्रात गर्दी होते आणि तलाठ्याच्या अहवालाला वेळ लागतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना तर माझं हात जोडून सांगणं आहे: टोळी दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघते, त्याआधी हे काम करून जा. वडील कारखान्याच्या फडात आणि मुलगी इथे सहीसाठी थांबलेली, अशी वेळ येऊ देऊ नका.

दुसरं ठिकाण नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव, मुलीचं नाव, वडिलांचं पूर्ण नाव असतं. आधारवर वडिलांचं नाव निम्मंच असतं किंवा इंग्रजी स्पेलिंग वेगळं असतं. संगणकाला ती दोन माणसं वाटतात. गुणपत्रिका प्रमाण धरून आधार दुरुस्त करून घ्या.

तिसरं ठिकाण बँक. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. बँकेत आधार कार्डाची झेरॉक्स दिली म्हणजे तुमची ओळख पटली, एवढंच. शासनाचे पैसे आधारवर कोणत्या खात्यात जमा व्हावेत, ही नोंद वेगळी असते. तिला आधार सीडिंग म्हणतात आणि त्यासाठी बँकेत वेगळा संमतीचा अर्ज भरावा लागतो. एका आधारला एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं. तुम्ही अर्जात कोणतं खातं लिहिलं याला तिथे महत्त्व नाही, पैसे त्या जोडलेल्या खात्यातच जातात. काही मुलांचे पैसे मोबाइलच्या दुकानात सिम घेताना नकळत उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात गेलेले असतात आणि घरचे बँकेच्या पासबुकात ते शोधत राहतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहायची सोय आहे. त्यात बँकेचं नाव दिसतं. शिष्यवृत्ती विभागात दहा मिनिटांत ते बघून देतात.

चौथं ठिकाण मोबाइल नंबर. अर्ज बहुतेक जण नेट कॅफेत भरतात. घाईत कॅफेवाला स्वतःचा नंबर टाकतो आणि पासवर्डही त्याच्याकडेच राहतो. पुढे अर्जात त्रुटी निघाली की तो Send Back असा परत येतो आणि त्याचा संदेश कॅफेवाल्याच्या फोनवर जातो. दुरुस्तीची मुदत निघून जाते आणि मुलगी वर्षभर समजत राहते की अर्ज मंजूर झालाय. म्हणून नंबर घरातला टाका, आणि आधारलाही तोच जोडलेला असू द्या, कारण ओटीपी त्यावरच येतो. वडिलांचा फोन त्यांच्यासोबत फडात जाणार असेल तर मुलीच्या हातात राहणारा नंबर जोडा. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. दर पंधरा दिवसांनी स्वतः लॉग इन करून अर्ज कुठपर्यंत गेला ते पाहा. आमच्या संगणक कक्षात अर्ज भरायला पैसे लागत नाहीत, तिथेच भरलात तर उत्तम.

गावाबाहेर खोली करून राहणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात अर्ज करूनही प्रवेश मिळाला नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना स्वयम् योजना राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी मदत करते. दोन्हींसाठी आधी वसतिगृहाला अर्ज केलेला असावा लागतो, म्हणून वसतिगृहाचा अर्ज ‘नंबर लागणारच नाही’ म्हणून सोडू नका.

नियम: हजेरी आणि परीक्षा

बारावीपर्यंत शाळेत हजेरी चुकली तर वर्गशिक्षक घरी निरोप पाठवायचे. इथे तसं होत नाही, आणि त्यामुळे मुलांना वाटतं की हजेरीला किंमत नाही. किंमत आहे. प्रत्येक विषयात ७५ टक्के हजेरी लागते. एका सत्रात एखाद्या विषयाचे ६० तास झाले तर किमान ४५ तासांना हजर असावं लागतं. म्हणजे १५ तास चुकले तरी चालतं. ऐकायला ते पुष्कळ वाटतात. पण आठवड्याला त्या विषयाचे चार तास असतील तर सलग चार आठवडे सोयाबीन काढणीला थांबलेल्या मुलाचे १६ तास गेले, आणि तो नियमाच्या बाहेर पडला. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आगेमागे येते आणि खरीप काढणीही त्याच दिवसांत असते. पालकहो, शेतात हात कमी पडतात हे मला ठाऊक आहे. मुलाला थांबवायचं असेल तर दोन-दोन दिवसांनी थांबवा, सलग महिनाभर नाही. आजारपण असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र बरं झाल्याबरोबर द्या, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नाही. हजेरी कमी असलेल्यांची यादी आम्ही सत्रात मध्येच लावतो. तेव्हा भरून काढता येते. शिष्यवृत्तीच्या अनेक योजनांतही हजेरीची अट असते, हेही लक्षात ठेवा.

परीक्षेबद्दल दोन गोष्टी. कॉलेजात प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला बसता येतं असं नाही. प्रत्येक सत्रात विद्यापीठाचा परीक्षा अर्ज वेगळा भरावा लागतो. त्याची तारीख चुकली तर विलंब शुल्क लागतं, आणि तीही तारीख चुकली तर सत्र वाया जातं. दुसरं म्हणजे गुण दोन जागी मिळतात: सत्रभरातल्या चाचण्या, प्रकल्प आणि प्रात्यक्षिकांचे अंतर्गत गुण, आणि शेवटच्या लेखी परीक्षेचे गुण. आपल्याकडे दोन्हींत वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. लेखीत चांगले गुण मिळूनही चाचणी न दिल्यामुळे नापास झालेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

आणि एखादा विषय राहिलाच तर? घरी निकाल कळतो तेव्हा ‘नापास’ एवढाच शब्द ऐकू येतो आणि पुढचं शिक्षण बंद होतं, विशेषतः मुलींचं. पालकहो, इथे एका विषयात नापास म्हणजे वर्ष वाया गेलं असं नसतं. त्याला एटीकेटी म्हणतात. मूल पुढच्या वर्गात बसतं आणि राहिलेला विषय पुढच्या परीक्षेत पुन्हा देतं. किती विषय राहिले तर पुढे जाता येतं याची मर्यादा विद्यापीठानं ठरवलेली असते. राहिलेल्या विषयाचा परीक्षा अर्ज मात्र वेगळा भरावा लागतो, आणि तोच अनेक जण विसरतात. निकाल हातात घेऊन आधी परीक्षा विभागात या. घरी बसवायचा निर्णय त्यानंतर घ्या, आणि माझी खात्री आहे की तो घ्यावा लागणार नाही.

अडलं तर कुठे जायचं

दाखले, बोनाफाइड, ओळखपत्र आणि एसटीच्या पासाचा अर्ज यांसाठी विद्यार्थी कक्ष आहे. मुलींना बारावीपर्यंत असलेला एसटीचा मोफत पास इथे चालणार नाही. विद्यार्थी सवलतीचा मासिक पास काढा. त्यात भाड्याचा साधारण एक तृतीयांशच भाग भरावा लागतो. पुस्तकं विकत घ्यायची घाई करू नका. ग्रंथालयाच्या बुक बँकेतून गरजू विद्यार्थ्यांना पूर्ण सत्रासाठी संच मिळतो, तो आधी मागणाऱ्याला आधी मिळतो.

विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे ‘कमवा व शिका’ योजना आहे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, बाग, कार्यालय अशा ठिकाणी तासांवर काम आणि त्याचं मानधन. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारच्या वसतिगृहात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवून, काम करत शिकायची जी रीत घालून दिली, तिचाच हा वारसा आहे. काम वर्गाच्या वेळेबाहेर दिलं जातं. जागा मर्यादित असतात, अर्ज लवकर करा.

प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक शिक्षक नेमलेला आहे. वीसपंचवीस मुलांमागे एक. कोणत्या टेबलावर जायचं हे कळत नसेल तर त्यांच्याकडे जा. इंग्रजीतून शिकवलेलं कळत नाही, वर्गात कुणाशी बोलवत नाही, घरी लग्नाची बोलणी चाललीत, यांतलं काहीही त्यांना सांगता येतं.

तक्रारींचं मी स्पष्ट सांगते, कारण पहिल्यांदा आलेल्या मुलांना वाटतं की तक्रार केली तर आपलंच नाव खराब होईल. फी, गुण, दाखले, जातीवरून किंवा बोलीवरून दिलेली वागणूक यांबद्दलची तक्रार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार समितीनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. लोकपाल कॉलेजच्या हाताखाली नसतात.

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे करायची. तिच्या अध्यक्ष महिला असतात आणि तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यावी. रॅगिंगसाठी महाराष्ट्रात १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढलं जातं व पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणं मला बंधनकारक आहे. मी ती केली नाही तर कायद्याच्या नजरेत मीही त्या गुन्ह्याला साथ देणारी ठरते. माझ्यापर्यंत यायला धीर होत नसेल तर १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो. तो फुकट आहे.

पालकहो, कॉलेजात यायला शिकलेलं असावं लागत नाही. इथे येऊन तीन प्रश्न विचारा: माझ्या मुलाची हजेरी किती आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठपर्यंत गेलाय, फीची बाकी किती आहे. ही तिन्ही उत्तरं आमच्या संगणकात आहेत आणि ती मिळणं हा तुमचा हक्क आहे. कुणी उडवाउडवीचं उत्तर दिलं तर थेट माझ्या खोलीत या, दाराबाहेर थांबायची गरज नाही.

आज घरी जाण्यापूर्वी दोन कामं करून जा. संगणक कक्षात जाऊन मुलाचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघा, आणि मार्गदर्शक शिक्षकांचं नाव व नंबर लिहून घ्या. आणि एक वचन मला द्या: पुढच्या तीन वर्षांत मुलाला किंवा मुलीला कॉलेजातून काढायचा विचार मनात आला, कारण कोणतंही असो, तर काढण्यापूर्वी एकदा मला येऊन भेटा.